पत्रकातलं क्लॅम्पचं चित्र

ड्रिल मशीन वापरण्याच्या सूचनांचं ते पत्रक मी लिहिलं, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. थोरल्या मुलाने कारखान्यात नोकरी धरली तेव्हा बायको त्याला कौतुकाने म्हणाली होती, "तुझ्या वडलांनी लिहिलेल्या कागदावर पोरं शिकलीत." मी मान खाली घालून जेवत राहिलो. माझा स्वभावच कमी बोलण्याचा, त्यामुळे कुणाला त्यात काही वेगळं वाटलं नाही. कमी बोलणाऱ्या माणसाची ही एक सोय असते. त्याच्या गप्प बसण्यातलं कुठलं साधं आणि कुठलं लपवलेलं, हे कुणी तपासत नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांतली गोष्ट. भाईंदरला स्टेशनापासून खाडीकडे जाताना मिठाचं एक जुनं गोडाऊन होतं. ते एका शेटने भाड्याने घेऊन आत वर्कशॉप घातलं. होड्यांना आणि पडावांना लागणारं लोखंडी सामान तिथे बनायचं. कारागीर मिळत नव्हते, म्हणून शेटने तिथेच शिकाऊ माणसांचा वर्ग काढला. वीज नव्हती. एक तेलाचं इंजिन, त्यावरून छताखालून जाणारा लांब दांडा, आणि त्या दांड्यावरून प्रत्येक मशीनला उतरलेले चामडी पट्टे. मशीन थांबवायचं तर लाकडी दांडीने पट्टा बाजूच्या रिकाम्या चाकावर सरकवायचा. भिंतींत मीठ मुरलेलं, त्यामुळे कशालाही रात्रीतून गंज चढे. सकाळी आल्यावर पहिलं काम म्हणजे तेलाची चिंधी घेऊन सगळं पुसून काढणं.

मी जवळच्याच खारी गावचा. आमची घरची मिठागरं आणि थोडी भातशेती. मी मुंबईला जाऊन मशीनचं काम शिकलो होतो आणि इंग्रजी वाचता येत होतं, म्हणून शेटने मला तिथे दुय्यम शिक्षक नेमलं. मुख्य शिक्षक रेल्वेतून निवृत्त झालेले एक फिटर होते. त्यांना सगळे थोरले मास्तर म्हणत, आणि मला धाकले मास्तर. मी तेव्हा तेवीस-चोवीस वर्षांचा होतो आणि मास्तर म्हटलेलं मला फार आवडायचं.

शिकायला येणारे बहुतेक आसपासचेच. खारीचे मिठागरात राबलेले, उत्तनकडचे कोळी, आणि उत्तनजवळच्या डोंगरी गावाहून येणारा एक ख्रिस्ती सुतार. तो तिशीतला. इतरांपेक्षा मोठा आणि होड्या बांधण्यात हात बसलेला, म्हणून सगळे त्याला मेस्त्री म्हणत. लोखंडाचं काम आलं तर होडीचं सगळंच सामान घरी करता येईल, या विचाराने तो आला होता. त्याचा मोठा भाऊ गावात होड्या बांधायचा. त्याला हे पसंत नव्हतं. पण शिकून आलास तर लोखंडाचं सगळं काम तुझ्याकडे, आणि धंद्यात बरोबरीचा वाटा, असं भावाने चारचौघांत कबूल केलं होतं. तोवर मेस्त्री भावाच्या हाताखालचा माणूस होता.

पहिल्या दिवशी मेस्त्रीने आम्हांला हसवलं. होडीवाले सुतार फळीला भोक पाडतात ते सामत्याने. सामता म्हणजे कमानीला दोरी बांधून पुढेमागे फिरवायचं गिरमिट. फळी पायाने दाबून धरायची आणि कमान ओढायची. ज्या तुकड्याला भोक पाडायचं त्याला आम्ही काम म्हणतो, आणि ते टेबलाला आवळून धरतो तो क्लॅम्प. थोरले मास्तर ड्रिल मशीनपाशी क्लॅम्पबद्दल सांगायला लागले, तसा मेस्त्री म्हणाला, "मास्तर, माजं दोन पाय हायत ना! येवढी लोखंडाची ताबेदारी कशाला?"

एक कोळी पोरगा म्हणाला, "टेबलावर पाय ठेवशील तर चप्पल काढून ठेव हां, मेस्त्री."

"तुजी चप्पल घालीन. माजी नवी हाय."

थोरले मास्तर हसले नाहीत. त्यांनी पत्र्याचा एक तुकडा घेतला, एका टोकाला लांब लाकूड खिळ्याने ठोकलं आणि सगळ्यांना मागे सरायला सांगितलं. मग लाकूड दूरवरून धरून पत्रा बिटाखाली, म्हणजे भोक पाडणाऱ्या फिरत्या टोकाखाली दिला. बिट पत्र्यात सहज उतरलं. आरपार जायच्या क्षणी मात्र त्याच्या कडेने पत्रा पकडला, वर उचलला आणि गरकन फिरवला. लाकूड त्यांच्या हातातून सुटून खांबावर आपटलं. आवाज एवढा झाला की बाहेरचे कावळे उडाले.

"सामता पुढेमागे जातो," मास्तर म्हणाले. "त्याला दया आहे. हे एकाच दिशेने जातं. ह्याला इंजिन मागून ढकलतंय. आता पाय ठेव."

मेस्त्री फिरून गेलेल्या पत्र्याकडे बघत राहिला. मग त्याने छातीवर क्रूस केला आणि म्हणाला, "न्हाय बा. बांधून घेऊ." त्या दिवसापासून वर्गात बांधण्याबद्दल सगळ्यांत काटेकोर तोच झाला. दुसऱ्या कुणी एखादी लहान पट्टी हातात धरली तर ओरडायचा, "ए, बोटं आयशीने फुकट दिलीत काय?"

मग थोरल्या मास्तरांना ताप भरला. त्याच सुमारास नवे शिकाऊ येणार होते, म्हणून रजेवर घरी जाण्यापूर्वी त्यांनी मला एक पत्रक तयार करायला सांगितलं. काय लिहायचं ते बोलून दाखवलं, आणि बजावलं, "छापण्याआधी मला दाखव. घरी घेऊन ये."

मी ते मन लावून लिहिलं. आजही त्यातली वाक्यं मला पाठ आहेत. "काम टेबलाला बांधल्याशिवाय पट्टा चालू करू नये. हाताने धरलेले काम म्हणजे न धरलेले काम." "छिद्राच्या जागी आधी पंचाने खूण ठोकावी, म्हणजे बिट भरकटणार नाही." "कामाखाली लाकडाचा ठोकळा द्यावा, म्हणजे बिट टेबलात शिरणार नाही." "बिट धरणाऱ्या चकची चावी चकमध्ये विसरू नये." "बिट आरपार जायला आले की दाब हलका करावा. काम उचलले जाते ते तेव्हाच." "कीस हाताने काढू नये. मशीन थांबवून ब्रशने काढावा." "काम फिरू लागले तर धरायला जाऊ नये. मागे सरून पट्टा सरकवावा."

एक सूचना माझी स्वतःची होती. इंग्रजी पुस्तकात हातमोजे घालू नयेत असं होतं. आमच्याकडे हातमोजे कुणी पाहिलेसुद्धा नव्हते. पण मिठागरातल्या माणसांच्या तळव्यांना चिरा पडतात आणि ते हाताला फडकं गुंडाळून काम करतात. मी लिहिलं, "हाताला चिंधी बांधून मशीनवर येऊ नये. गळ्यातला क्रूस किंवा ताईत सदऱ्याच्या आत घ्यावा." शेटला ते एवढं आवडलं की तो पाठ थोपटून म्हणाला, "अरे वा, मास्तर, तू तो पंडित निकला! आजच छाप."

कागदाची टंचाई होती. एकाच कागदाच्या एका बाजूला सगळं बसवायचं होतं. शिवाय सायक्लोस्टाइलचा मेणकागद एकच शिल्लक होता. त्यावर सुईसारख्या लेखणीने कोरावं लागे आणि कोरलेलं पुसता येत नसे. खाली उजवीकडे थोडी जागा उरली होती, तिथे मी क्लॅम्पचं चित्र काढलं.

क्लॅम्प म्हणजे साधी जाड लोखंडी पट्टी. तिचं एक टोक कामावर, दुसरं टोक कामाच्याच उंचीच्या ठोकळ्यावर, आणि मधून बोल्ट जाऊन टेबलाच्या खाचेत अडकतो. नट आवळला की बोल्ट पट्टीला खाली खेचतो. सगळं महत्त्व तो बोल्ट कुठे आहे याला आहे. दोघांनी काठीवर माशांची पाटी उचलली की पाटी ज्याच्याकडे सरकेल त्याच्या खांद्यावर भार येतो. तसंच हे आहे. बोल्ट कामाच्या जवळ असेल तर दाब कामावर पडतो. तो ठोकळ्याजवळ गेला की माणूस जीव खाऊन नट आवळतो, आणि घट्ट बसतो तो ठोकळा. काम नुसतं चाटून धरलेलं राहतं.

हे मला येत होतं. झोपेत विचारलं असतं तरी सांगितलं असतं. पण चित्रात मला "काम", "ठोकळा", "बोल्ट", "पट्टी" अशी नावं लिहायची होती. कामाच्या बाजूला "काम" हा शब्द आधी लिहून झाला आणि बोल्टला जागा उरली नाही. मी बोल्ट सरकवून ठोकळ्याजवळ काढला. काढताना मला कळलं नाही असं मी आजवर स्वतःला सांगत आलो. खरं म्हणजे क्षणभर कळलं होतं. लेखणी थांबली होती. वाटलं, मेणकागद वाया जाईल. वाटलं, हे फक्त कल्पना देण्यापुरतं चित्र आहे, प्रत्यक्षात मी दाखवणारच आहे. थोरल्या मास्तरांचं घर मुर्ध्याला, त्यांना दाखवायला जायचं तर अर्धा दिवस जाणार. आणि शेट म्हणत होता, आजच छाप.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांना पत्रक वाटलं, वाचून दाखवलं आणि मशीनवर एकदा काम बांधून दाखवलं. माझ्या हातांनी बोल्ट बरोबर कामाजवळ घेतला. तो तिथे का घेतला हे मी बोललो नाही. हातांना जे येतं ते तोंडाने सांगायचं राहून जातं.

त्या दिवशी मेस्त्री नव्हता. गावात कुणाची तरी होडी पाण्यात घालायची होती, फादर पाणी शिंपडायला येणार होते, आणि ती होडी त्याच्याच हातची होती. तो एक दिवसाने आला. मी त्याला पत्रक दिलं. त्याला वाचता येत नव्हतं.

"वाचून दाखवू?"

"येका पोराने वाचून दाखवलं, ऐकलं मी," तो चित्रावर बोट ठेवून म्हणाला. "शब्द तुमचं, मास्तर. हे माजं. हे मला कळतं."

पत्रक त्याने मशीनशेजारच्या खिळ्याला टोचून ठेवलं. काम करताना तो अधूनमधून त्याच्याकडे बघायचा. शाळेतलं पोरगं फळ्याकडे बघतं तसं.

सुकाणूच्या बिजागरीसाठी लोखंडी पाट्यांना, म्हणजे जाड सपाट तुकड्यांना, भोकं पाडायची होती. आधी बारीक बिटाने, मग त्याच जागी जाड बिटाने. मी दोन मशीन सोडून पलीकडे उभा होतो. मेस्त्रीने पाटी बांधली, दोन्ही बाजूंना क्लॅम्प लावले आणि बारीक भोकं व्यवस्थित पाडली. मग जाड बिट चढवलं. त्याचा उजवा हात बिट खाली आणणाऱ्या दांडीवर होता आणि डाव्या हाताने तो बुधलीतून बिटावर तेलाचे थेंब सोडत होता. शिकवलं होतं तसंच. मी हे सगळं पाहत होतो. त्याच्या शिस्तीचं मला बरंही वाटलं होतं.

बिट आरपार जायला आलं आणि पाटी सुटली. क्लॅम्पच्या टोकांखालून निसटून ती फिरली आणि तिची कड त्याच्या डाव्या हातावर बसली, अंगठ्याच्या मुळाशी. बुधली उडाली. तो ओरडला नाही. पाटी धरायलाही गेला नाही. उजव्या हाताने पट्ट्याची दांडी ओढून त्याने मशीन थांबवलं, आणि मग खाली बसला.

पोरांनी त्याच्या हाताला धोतराचा सोगा फाडून बांधला आणि उचलून बैलगाडीत घातलं. तेवढ्यात शेट आला. कुणीतरी थोरल्या मास्तरांना आणायला धावलं. मी मशीनपाशी राहिलो.

आता जे लिहायचं ते लिहिण्यासाठी मी हा सगळा कागद काळा केला आहे.

टेबलावर दोन्ही क्लॅम्प जसेच्या तसे होते. नट आवळलेले, बोल्ट ठोकळ्याला खेटून, चित्रात होते तसे. ठोकळे घट्ट आणि कामाच्या बाजूची टोकं मोकळी. मी पाना घेतला आणि नट सोडू लागलो. सवयीने, रक्त पुसायला टेबल मोकळं हवं म्हणून, असं मी पुष्कळ वर्षं धरून चाललो. पहिला नट सोडताना ती सवय असेलही. तो सुटेना. मला दोन्ही हातांनी जोर लावावा लागला. तो जोर लावतानाच मला सगळं लख्ख कळलं, आणि दुसरा नट मी कळून सोडला. क्लॅम्प फळीवर जागेवर ठेवले. खिळ्यावरचं पत्रक काढून खिशात घातलं.

थोरले मास्तर कांबळं पांघरून, तापातच आले. टेबल पुसलेलं, मोकळं. त्यांनी मला विचारलं, "बांधलं होतं?"

मी म्हणालो, "मी दुसऱ्या कामात होतो."

बस्स, एवढंच बोललो. खोटं म्हणून कुणाला पकडता येणार नाही असं वाक्य मी निवडलं होतं. बाकीचं इतरांनी पुरं केलं. शेट म्हणाला, "वो तो पहिल्या दिवसापासून बोलता था, पायाने धरीन!" एकदोन पोरं म्हणाली की मेस्त्रीने बांधलेलं त्यांनी पाहिलं. पण टेबल मोकळं होतं आणि ती पोरंही गोंधळली. बांधलं असतं तर सुटलं कसं, याचं उत्तर कुणाकडे नव्हतं. माझ्याकडे होतं. थोरले मास्तर एवढंच म्हणाले, "मला वाटलं होतं, त्याला समजलंय." ते फार खचून बोलले.

मी सगळ्यांकडून पत्रकं परत घेतली, शाई फुटली आहे म्हणून. शेटने नवा मेणकागद मागवला. नव्या पत्रकात बोल्ट कामाजवळ होता आणि खाली ठळक ओळ होती: "बोल्ट नेहमी कामाच्या जवळ घ्यावा. ठोकळा कामाच्या उंचीचा किंवा किंचित उंच असावा, कमी नसावा." ते पत्रक पुढे वर्षानुवर्षं चाललं. माझी बायको कौतुक करते ते त्याचं.

मेस्त्रीला शेटने परत घेतलं नाही. सूचना न पाळणारा माणूस नको, म्हणाला. दवाखान्यातून तो एकदा आला होता, हात गळ्यात बांधून. दारातूनच मला म्हणाला, "धाकले मास्तर, मी बांधलं व्हतं ना? तुमी बगितलं ना?"

मी म्हणालो, "आता हाताकडे बघा, मेस्त्री. ते महत्त्वाचं."

मायेने बोलल्यासारखं बोललो. तो खरोखर निवळला आणि हो हो करत गेला. माझ्या हातून जेवढं वाईट घडलं त्यात हे वाक्य मला सगळ्यांत जड वाटतं.

लढाई संपली, वर्कशॉप हललं, स्वातंत्र्य आलं. मी दुसरीकडे शिकवायला लागलो. दर नव्या वर्गाला क्लॅम्प दाखवताना बोल्टवर बोट ठेवून मी तेच वाक्य दोनदा म्हणायचो. विद्यार्थ्यांना वाटायचं, मास्तर विसरतात.

पुढे बऱ्याच वर्षांनी, एका पावसाळ्याच्या शेवटी, बोटी पुन्हा समुद्रात जायच्या आधी, मी डोंगरीला गेलो. कुणी बोलावलं नव्हतं. त्या वर्षी माझ्या वर्गातला एक मुलगा म्हणाला होता, "मास्तर, मी आवळलं होतं, आईशपथ." त्याचं काम किंचित हललं होतं, एवढंच. त्याला काही लागलं नव्हतं. मी बघितलं तर खरंच आवळलं होतं, बोल्ट मात्र चुकीच्या जागी. मी त्याला म्हणालो, "हो, आवळलं होतंस." तो मुलगा एवढा खूश झाला की मला रात्रभर झोप लागली नाही.

मेस्त्रीच्या घराच्या पुढच्या बाजूला ओल्या जाळ्यांचा वास होता. त्याची बायको तांदूळ निवडत बसली होती. तिने मला ओळखलं नाही. तो मागून आला. त्याच्या डाव्या हाताचा अंगठा तळव्याकडे वळलेला, उघडत नव्हता.

"अरे, मास्तर! या, या. बसा. चाय ठेव गं."

"चहा नको. मला एक सांगायचंय."

त्याने हसून बायकोकडे पाहिलं. "हे कवा बोलत न्हायत. आज बोलतायत. ऐक."

मी सांगितलं. चित्र, मेणकागद, बोल्ट. जमिनीवर काडीने रेघा ओढून दाखवलं. तो उकिडवा बसून बघत होता. मग मी नट सोडल्याचं सांगितलं. बायकोचे हात सुपावर थांबले.

त्याने जमिनीवरच्या बोल्टच्या रेघेवर बोट ठेवलं. मग म्हणाला, "नट आवळलेला व्हता?"

"हो."

"तुमी सोडला, तर जोर लावावा लागला?"

"लागला."

"किती?"

"दोन्ही हातांनी. सुटत नव्हता."

त्याने डावा हात मांडीवर घेतला आणि उजव्या हाताने त्याचं मनगट धरून बसला. "मी सगळ्यांना बोलत व्हतो, बांधलं. मंग सगळे बोलले, न्हाय बांधलं. मंग मलाच वाटाय लागलं, न्हाय बांधलं आसंल. देवळात मिस्सेला बसलो का डोळे मिटून मी ते आठवाचो. नट दिसायचा. पन मी आवळताना न्हाय दिसायचा." तो थांबला. "फादरकडे पाप म्हून सांगितलं मी. खोटं बोललो म्हून."

बायको उठली. माझ्यापुढे येऊन उभी राहिली. "तवा का न्हाय बोललात? ह्यो मानूस पोरांना हातोडी धरू देत न्हाय घरात! मी म्हातारी झालू तुमच्या त्या बांधलं-न्हाय बांधलं मदे!"

भीती वाटली, म्हणालो. एवढंच खरं होतं.

"भीती," ती म्हणाली. "तुमाला भीती. आन् हात याचा."

"गप, गं," मेस्त्री म्हणाला, पण जोराने नाही. मग मला म्हणाला, "मला सांगून काय उपेग, मास्तर? मला तं ठावं व्हतं, कवातरी. चला. माज्या भावाला सांगा."

"आत्ता?"

"मंग कवा? इस्टरला?"

त्याच्या भावाचा होड्या बांधण्याचा मांडव खाली समुद्राकडे होता. वाटेत मेस्त्री माझ्या पुढे चालत होता, मागे वळून बघत नव्हता. मला वाटलं, इथून परत फिरलो तर तो ओरडणार नाही. पण पाय चालत राहिले.

अर्धी होडी उभी होती. भाऊ आणि दोन सुतार फळी बसवत होते. मेस्त्री तिथे आता फळ्या मोजायचा, फटी बुजवायला सांगायचा, सामत्याची दोरी ओढणाऱ्याला ओरडायचा. एका हाताने जेवढं होईल तेवढं. वाट्याचं बोलणं तेव्हाच बुडालं होतं. भाऊ चारचौघांत म्हणायचा, माझ्या धाकट्याला एक नट आवळता आला नाही.

"हे मास्तर हायत," मेस्त्री म्हणाला. "भोकाच्या मशीनवाले. त्यांचं ऐका."

मी उभ्याने सांगितलं. समुद्राचा आवाज होता, म्हणून मोठ्याने सांगावं लागलं. जन्मात एवढ्या मोठ्याने मी कधी बोललो नव्हतो. अर्ध्यात थांबलो तेव्हा एक सुतार म्हणाला, "पुढं बोला की, का भरती येऊ द्यायची?" मी पुढे बोललो. नट सोडल्याचं बोललो. शेटला आणि थोरल्या मास्तरांना काय सांगितलं तेही.

भाऊ हातोडी खाली ठेवून ऐकत होता. संपल्यावर त्याने मला काही विचारलं नाही. मेस्त्रीकडे बघून म्हणाला, "मंग तू आवळला व्हतास?"

"आवळला व्हता."

"दोन्ही?"

"दोन्ही."

भावाने मान वळवली आणि अर्ध्या होडीच्या फळीवरून हात फिरवत राहिला, जणू तिथे काही खडबडीत लागत होतं. तोच मघाचा सुतार हळूच म्हणाला, "येवढी वर्सं तुमी त्याला चारचौघांत बोललात, दादा." त्यावर भाऊ म्हणाला, "मला ठावं हाय मी काय बोललो."

मला कुणी बस म्हटलं नाही, कुणी जा म्हटलं नाही. मेस्त्री भावाच्या समोर जाऊन उभा राहिला होता. त्या दोघांत जे व्हायचं होतं त्यात माझं काम उरलं नव्हतं. मी निघालो. चढावर मागून मेस्त्रीचा आवाज आला. तो भावाशी बोलत होता, मोठ्याने, सावकाश, हातवारे करून: पाटी कशी ठेवली, ठोकळे कसे घेतले, पाना कुठल्या हातात होता. भाऊ मधूनमधून "हां" म्हणत होता.

मी तिथे थांबून ऐकलं. मग भाईंदरच्या रस्त्याला लागलो.